पहिल्या पानावरचा श्री

यशोधरा मॅडमची सूचना मंगळवारी सकाळी मेलवर आली. त्या आमच्या विमा कंपनीच्या ठाण्याच्या ऑफिसात बसतात आणि नियम पाळले जातात की नाही ते बघतात. आमच्या शाखेत त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना त्यांची फक्त सही माहीत होती.

आमची शाखा उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. मागच्या खोल्यांमध्ये शिलाई चालते, त्यामुळे दुपारी आमच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लाससुद्धा थरथरत असतो. आरोग्य विम्याचे क्लेम माझ्याकडे येतात. हॉस्पिटलची बिलं, केसपेपर, औषधांच्या पावत्या तपासायच्या, सिस्टिममध्ये भरायच्या. क्लेम वीस हजारांच्या आत असला तर कागद बघूनच पुढे पाठवायचा. वीसच्या वर गेला की तपासनीस हॉस्पिटलला जाऊन येतो.

"आली कमिशनर साहेबांची चिठ्ठी," शेजारच्या टेबलावरून रूपेश म्हणाला. तो मला सात वर्षांनी सीनियर. "अब हर क्लेम में चोर दिखेगा. नूतन, तू तर आधीच सगळीकडे चोर बघतेस. तुला कशाला हवी सूचना?"

हे खोटं नव्हतं. फेब्रुवारीत माझ्या मुलाला, प्रेमला, तापात फीट आली. दोन वर्षांचा होता. ताप आहे हे कळून दहा मिनिटं झाली होती आणि माझ्या मांडीवरच त्याचे डोळे वर गेले. पालेगावातल्या आमच्या घरून अंबरनाथच्या शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या डॉक्टर प्रतिभांच्या हॉस्पिटलात रिक्षाने सात मिनिटं लागली. तेव्हापासून मी सगळं मोजते. पर्समध्ये थर्मामीटर असतो. सासूबाईंना दिवसातून तीनदा फोन करते. "अगं खेळतोय तो, तू काम कर की," असं त्या म्हणतात, आणि मी मागून त्याचा आवाज येतोय का ते ऐकते.

सूचना दोन पानांची होती, साध्या मराठीत. मी ती दोनदा वाचली.

"खूण म्हणजे पुरावा नव्हे," असं सुरुवातीलाच होतं. "एका खुणेमागे दहा साधी कारणं असू शकतात. पण पुढच्यापैकी तीन-चार एकत्र दिसल्या तर थांबा." मग खुणा दिल्या होत्या. पॉलिसी नवी आणि सुरुवातीची तीस दिवसांची मुदत संपताच क्लेम. एकच एजंट, एकच हॉस्पिटल, एकच आजार. रक्कम तपासणीच्या मर्यादेच्या जरा खाली. वेगवेगळ्या पेशंटांचे केसपेपर एकाच हाताचे, एकाच पेनाचे. ग्राहकाच्या नावापुढे एजंटचा मोबाइल नंबर. ग्राहकापेक्षा एजंटलाच जास्त घाई.

दुसऱ्या पानावर नोंद कशी करायची ते होतं. "संशयाची नोंद क्लेमच्या फाइलवर करू नका. ती फाइल दहा हातांतून जाते. गोपनीय फॉर्म भरा, त्याच दिवशी, आणि थेट माझ्याकडे पाठवा. मी काय पाहिलं, मला कोणी काय सांगितलं आणि मला काय वाटतं, या तीन गोष्टी वेगळ्या लिहा. 'बोगस', 'चोर', 'लबाड' हे शब्द नकोत. तारीख, वेळ, कागदाचा नंबर द्या. संशयाच्या विरुद्ध जाणारं काही दिसलं तर तेही लिहा. हॉस्पिटल, एजंट किंवा ग्राहक तुमच्या ओळखीचा असेल तर ते सगळ्यात आधी लिहा. स्वतः तपासाला जाऊ नका. फोन नको, सहज म्हणून विचारणंही नको. ज्याच्यावर संशय आहे त्याला सुगावा लागला की कागद नाहीसे होतात. नुसत्या संशयावर क्लेम नाकारू नका. आणि एकदा पाठवलेली नोंद बदलू नका. चुकलं असेल तर नवी नोंद जोडा."

माझ्या टेबलावर पाच क्लेम होते, पाचही लहान मुलांचे. आईवडील जीन्सच्या कारखान्यांत कामाला. पॉलिसी जुलै-ऑगस्टमधल्या, आजार डेंग्यूचा, ऑगस्ट आणि सप्टेंबरमधला. रकमा अठरा हजार चारशे, एकोणीस हजार शंभर, अशा. एजंट कमलेश.

हॉस्पिटल डॉक्टर प्रतिभांचं.

मी एकेक केसपेपर उघडला. रूपेशने हे कागद चाळले असते तर त्याला कदाचित काही दिसलं नसतं. पण ज्या बाईने आठ महिने तापाचा तक्ता भिंतीला लावून ठेवलाय, तिला ते एका नजरेत दिसलं. पाचही मुलांना सकाळी सहाला एकशे दोन, दुपारी दोनला एकशे एक, रात्री दहाला एकशे दोन. तीन दिवस तसंच. ताप असा घड्याळ लावून येत नाही. आणि औषध! दोन वर्षांच्या मुलीला आणि नऊ वर्षांच्या मुलाला तापाचं तेच सिरप, तेवढंच पाच मिली. डॉक्टर प्रतिभा प्रेमला वजनकाट्यावर उभं केल्याशिवाय सिरपचा थेंबही लिहीत नाहीत. "ताई, वय नका सांगू, वजन सांगा," असं त्या पहिल्याच भेटीत मला रागावल्या होत्या.

मग बिलं. पाचही बिलांवर वरच्या बाजूला मध्यभागी निळ्या पेनाने 'श्री' काढलेला. सुंदर अक्षर, शेपटीला एक झोकदार वळण. मी दोन बिलं एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरली. एका श्रीवर दुसरा श्री तंतोतंत बसला. तिसरा बसला. पाचही बसले.

माणूस पाच वेळा श्री काढेल, तर पाच वेळा तोच निघेल का?

मी बिल उलटं करून पाठीमागून बोट फिरवलं. रक्कम, नाव, तारीख या सगळ्याचे बॉलपेनचे उठाव बोटाला लागत होते. श्रीच्या जागी कागद सपाट होता. श्री लिहिलेला नव्हता, छापलेला होता.

मी गोपनीय फॉर्म उघडला आणि एका दमात लिहिलं, "सदर हॉस्पिटल खोट्या केसेस दाखवून बोगस बिलं देत आहे."

वाक्य परत वाचलं. हे वाक्य पुढे गेलं तर हॉस्पिटल कंपनीच्या बंद यादीत जाणार. एका कंपनीने बंद केलं की बाकीच्या विचारतात, मग पेशंट कमी होतात. आमच्या बाजूला लहान मुलांना दाखल करून घेणारं जवळपास तेवढंच एक. त्यानंतरचं गाठायचं म्हणजे उड्डाणपुलाची गर्दी ओलांडून अर्धा तास. माझा हिशेब सात मिनिटांचा होता.

आणि ते खरं तरी होतं का? हॉस्पिटलने बिल दिलं, हे मी पाहिलं होतं का? मी फक्त पाच कागद पाहिले होते.

मी वाक्य पुसलं. संध्याकाळी प्रेमला पुन्हा दाखवायची वेळ घेतलेलीच होती. नोंद उद्या पाठवू, असं ठरवलं. 'त्याच दिवशी' असं लिहिलेलं होतं, ते मला दिसत होतं. तरी फॉर्म मिटला.

*

डॉक्टर प्रतिभांनी प्रेमला वजनकाट्यावर उभं केलं. साडेबारा किलो. छाती तपासली, कान बघितले. तो त्यांच्या नळीचं टोक धरून ओढत होता.

"तुम्ही झोपता का नीट?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"खोटं बोलता. याची तब्येत उत्तम आहे, आईची बरी नाही." त्या हसल्या. मी त्यांच्या टेबलाकडे बघत होते, केसपेपरवरच्या अक्षराकडे. ते तिरपं, घाईचं, अर्धवट होतं. माझ्या टेबलावरच्या पाच केसपेपरवर गोल, शाळेतलं अक्षर होतं. पण दाखल पेशंटचे कागद नर्सही लिहिते. मी स्वतःला बजावलं, नूतन, हे तू बघायला आलेली नाहीस.

बाहेर काउंटरवर प्रगती होती. ती गेली तीन वर्षं तिथे बिलं फाडते. नेमकं माझ्यासमोरच जुनं बुक संपलं. तिने कपाटातून नवं काढलं, पहिल्या पानाच्या वर निळ्या पेनाने श्री काढला, डब्यातलं चिमूटभर कुंकू त्याला लावलं आणि मग खाली प्रेमचं नाव लिहिलं.

शेपटीला तेच झोकदार वळण.

एवढ्यावर मला घरी जाता आलं असतं.

"अगं, तू सगळ्याच बिलांवर श्री काढतेस का?" मी विचारलं. आवाज सहज ठेवला. निदान मला तसं वाटलं.

"छे, पन्नास वेळा कोण काढणार? बुकाच्या पहिल्या पानावर फक्त. माझे पप्पा दुकानाच्या वहीवर काढायचे ना, ती सवय." तिने बिल फाडून दिलं. खालचं कार्बन कॉपीचं पिवळं पान बुकातच राहिलं. "पहिलं पान ज्याला मिळतं त्याच्याकडून मी पेढा घेते हां ताई. हसू नका! मार्चमध्ये कमलेशदादांनी पाव किलो आणले होते. त्यांच्या भाच्याचं बिल पहिल्या पानावर निघालं. काय खूश झालेले! म्हणाले, हे तर मी फ्रेम करून ठेवतो."

"कोण कमलेश?"

"ते विम्याचे नाहीत का? तुमच्याच लाइनचे की! ओळखत असाल."

मी प्रेमला कडेवर घेतलं. त्याने माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र तोंडात घातलं आणि मी ते काढलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला, प्रज्वलला, काही सांगितलं नाही. सांगायची परवानगीच नव्हती. "पुन्हा काय मोजतेस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." माझ्यापुढे एकच गोष्ट होती. डॉक्टर प्रतिभांना वाचवू शकेल असा एकमेव धागा आता माझ्या हातात होता आणि तो मी नियम मोडून मिळवला होता. नियम मोडला हे सांगितलं तर नोकरीचं काय? नाही सांगितलं तर तो धागा वापरायचा कसा?

*

बुधवारी मी साडेनऊलाच ऑफिसात पोचले आणि नोंद लिहिली. सगळ्यात वर लिहिलं, "या हॉस्पिटलात माझ्या मुलावर उपचार चालू आहेत." मग मी पाहिलेलं. पाच क्लेमचे नंबर, तापाचे आकडे, सिरपची मात्रा, श्री, उजेडात एकमेकांवर बसणं, मागच्या बाजूला उठाव नसणं. पाचही बिलांचे नंबर. ग्राहकाच्या रकान्यातला मोबाइल तीन फाइलींत एकच, तोही लिहिला. शेवटी लिहिलं, "ही बिलं हॉस्पिटलने दिली असं मी पाहिलेलं नाही."

"मला कोणी सांगितलं" हा रकाना मी रिकामा ठेवला.

दहा वाजून पाच मिनिटांनी नोंद गेली. मला हलकं वाटायला हवं होतं.

एक वाजता कमलेश आला. तो रोज येतोच. सगळ्यांशी बोलतो, शिपायालासुद्धा काका म्हणतो. आज त्याने रूपेशकडे न जाता थेट माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली.

"नूतनताई, प्रेम कसा आहे?"

मी त्याला प्रेमचं नाव कधीच सांगितलं नव्हतं.

"बरा आहे."

"फीट परत नाही ना आली? सांभाळा हो. लहान मुलांचं काही सांगता येत नाही. तुम्ही डॉक्टर प्रतिभांकडेच जाता म्हणे. सकाळी पेपर द्यायला गेलो होतो, तर प्रगती सांगत होती, त्या इन्शुरन्सवाल्या ताई आल्या होत्या, श्रीबद्दल विचारत होत्या." तो हसला. "म्हटलं, आमच्या ताई पण ना, भारी हौशी. बिलावरचं अक्षर पण बघतात."

टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरत होतं. खाली मशीन चालू झाल्या होत्या.

"छान अक्षर आहे तिचं," मी म्हटलं.

"आहेच. आणि डॉक्टर म्हणजे देवमाणूस. उगाच कोणी काही लिहिलं, हॉस्पिटल बंद पडलं, तर तुम्हालाच लांब पडेल. माझं काय, माझी पोरं मोठी झाली." तो उठला. "ते माझे पाच क्लेम आजच्या आज पाठवा हां, पार्टी सारखी फोन करते. मी येतो जरा तिकडे जाऊन. भाच्याच्या बिलाची कॉपी हवी आहे, जुनं बुक शोधायला सांगितलंय प्रगतीला."

तो जिना उतरला. मी घड्याळ बघितलं, एक वाजून अकरा मिनिटं.

जुनं बुक. पहिलं पान त्याच्याकडे होतं, त्यावरूनच ही पाच बिलं छापली असणार, श्रीसकट; पण त्याच्या खालचं पिवळं पान बुकात होतं. त्यावर तोच श्री उमटलेला असणार आणि खाली त्याच्याच भाच्याचं नाव. ते पान गेलं की उरणार फक्त पाच बिलं, त्यांवर हॉस्पिटलचं नाव आणि माझी नोंद.

"काय गं, चेहरा का पांढरा पडला?" रूपेशने विचारलं. "काय म्हणत होता तो?"

"काही नाही."

"नूतन, सरळ सांगतो. जास्त आत शिरू नकोस. तुला पोर आहे. नोंद टाकलीस ना? बस. तेरा काम खतम."

नोंद टाकली हे त्याला कसं कळलं? मग लक्षात आलं, सकाळपासून माझा चेहराच तसा होता. सूचनेत चेहऱ्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

मी मोबाइल घेऊन मागच्या गॅलरीत गेले. खाली निळ्या कापडाचे गठ्ठे टेम्पोत भरत होते. सूचनेखाली नंबर होता. दोनदा वाजला.

"यशोधरा बोलतेय."

"मॅडम, मी नूतन, कॅम्प तीनमधून. सकाळी नोंद पाठवली होती."

"वाचली. चांगली आहे. काय झालं?"

"ती अपुरी आहे."

पलीकडून कागदाचा आवाज आला. "बोला."

मी बोलले. काउंटर, कुंकू, पेढे, मार्च महिना, फ्रेम. आज एक वाजता कमलेश काय म्हणाला ते. त्यांनी थांबवलं नाही आणि समजूतही काढली नाही.

"तुम्ही त्या मुलीला विचारलंत, हे काल संध्याकाळी?"

"हो. सहा-सव्वासहाला."

"सूचना वाचल्यानंतर."

"हो."

"आणि आज सकाळी लिहिलं नाहीत. का?"

खाली टेम्पोवाला कोणावर तरी ओरडत होता. मला वाटलं, काहीतरी बरं कारण सांगावं. मुलगा, काळजी, विसरले.

"नोकरी जाईल म्हणून."

"ठीक. तो ऑफिसातून कधी निघाला?"

"एक वाजून अकरा मिनिटं. बाइकवर असतो तो."

"आता नीट ऐका. हॉस्पिटलला फोन करायचा नाही. प्रगतीला नाही, डॉक्टरांना नाही. तुम्हाला कितीही वाटलं तरी. त्या दोघी यात नाहीत, हे तुम्हाला वाटतंय. तुम्ही पाहिलेलं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"जागेवर जा, दुसरी नोंद लिहा. पहिलीला हात लावू नका. तुम्ही काय विचारलंत ते तुमच्या शब्दांत, ती काय म्हणाली ते तिच्या शब्दांत. एजंट काय म्हणाला, किती वाजता. वीस मिनिटांत मला हवी. आणि ते पाच क्लेम नाकारू नका, पाठवूही नका. 'कागद तपासणीत' असं ठेवा. त्याने विचारलं तर तेवढंच सांगा."

"मॅडम, तोपर्यंत तो..."

"आमचा तपासनीस अंबरनाथलाच आहे, दुसऱ्या कामाला. मी त्याला फोन करतेय. ठेवा आता."

मी टेबलाशी येऊन बसले. "मी पाहिलं" खाली लिहिलं, प्रगतीने नव्या बुकाच्या पहिल्या पानावर श्री काढला. "मी विचारलं" असा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. मी तो स्वतः केला. "सूचना वाचलेली असूनही मी प्रगती यांना विचारलं की त्या सगळ्याच बिलांवर श्री काढतात का." मग तिचं उत्तर, पेढ्यांसकट. "एजंट कमलेश यांना हे माझ्या विचारण्यामुळे कळलं." हे वाक्य लिहिताना मी तीनदा थांबले. 'कदाचित' घालावं का? पण त्याने स्वतःच तसं सांगितलं होतं. 'कदाचित' खोटं ठरलं असतं.

एक बत्तीसला नोंद गेली.

मग काहीच नाही. ना फोन, ना मेल. कॅम्प तीनच्या गर्दीतून बाइकला शिवमंदिराच्या रस्त्यावर पोचायला पंचवीस मिनिटं लागतात. मी मनात त्याला प्रत्येक सिग्नलवर थांबवत होते. प्रगती म्हणत असेल, "थांबा दादा, वरच्या कपाटात आहे." स्टूल घेत असेल. पेढ्यांची आठवण काढत असेल. फोन समोर होता आणि तिचा नंबर त्यात होता, प्रेमच्या गोळ्यांसाठी घेतलेला. 'बुक कोणाला देऊ नकोस', एवढे चार शब्द. मी फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि किल्ली रूपेशला दिली.

"हे काय?"

"चारपर्यंत देऊ नकोस."

"आणि पोराचा फोन आला तर?"

"ऑफिसच्या लँडलाइनवर येईल. आईंना नंबर दिलाय."

त्याने किल्ली खिशात टाकली आणि पहिल्यांदाच काही जोक मारला नाही.

चार वाजता त्याने स्वतः उठून ड्रॉवर उघडला. एकही मिस्ड कॉल नव्हता. कमलेश परत आला नाही. गुरुवारीही आला नाही, आणि शुक्रवारीही.

*

नोंद करणाऱ्याला निकाल सांगत नाहीत, हे सूचनेच्या शेवटच्या ओळीत होतं. पहिल्यांदा वाचताना मी ती ओळ सोडून दिली होती.

तीन आठवडे मी रोज सकाळी सिस्टिम उघडून चालू हॉस्पिटलांची यादी बघायचे. डॉक्टर प्रतिभांचं हॉस्पिटल रोज यादीत असायचं. रोज वाटायचं, उद्या नसेल. ते पाच क्लेम माझ्या रांगेतून निघून ठाण्याला गेले. एका सोमवारी कमलेशच्या एजंट कोडपुढे लाल अक्षरांत 'बंद' आलं. कारणाचा रकाना माझ्या लॉगिनला दिसत नाही.

त्याच दुपारी मला पत्र आलं. यशोधरा मॅडमची सही.

"दि. १४ रोजी सूचना वाचल्यानंतर आपण संबंधित हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्याकडे चौकशी केली. दि. १५ च्या पहिल्या नोंदीत ही बाब नमूद केली नाही. त्याच दिवशी दुपारी एक वाजून अठरा मिनिटांनी आपण ती स्वतःहून कळवली. एक बत्तीसला लेखी नोंद केली. आपणास लेखी ताकीद देण्यात येत आहे. पुढील तीन महिने आपण आरोग्य क्लेम हाताळणार नाही."

ना 'बेजबाबदार', ना 'प्रामाणिक'. काय घडलं आणि किती वाजता, एवढंच. मी ते पत्र प्रेमच्या फाइलीत ठेवलं, फेब्रुवारीच्या डिस्चार्ज कार्डामागे. का, ते मलाही सांगता येणार नाही. मला मोटारींच्या क्लेमवर बसवलं. फुटलेल्या बंपरांचे फोटो बघत मी दिवस काढायला लागले.

नोव्हेंबरात प्रेमला ताप आला. शंभर पॉइंट चार. मी वजनाप्रमाणे सिरप दिलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं आणि रिक्षा केली. सात मिनिटं. दिवे चालू होते, बाकांवर चार-पाच आया बसल्या होत्या. डॉक्टर प्रतिभांनी त्याचा घसा बघितला आणि म्हणाल्या, "घसा आलाय. तुम्ही वेळेत आणलंत. आता श्वास घ्या." माझ्याबद्दल त्यांना काही माहीत असेल असं त्यांच्या डोळ्यांत दिसलं नाही. किंवा असेल, आणि त्यांनाही बोलायची परवानगी नसेल.

बाहेर प्रगतीने बुक उघडलं. ते नवंच होतं. तिने पहिल्या पानावर श्री काढला, कुंकू लावलं. मग त्या पानावर तिरप्या दोन रेघा मारल्या, मध्ये 'रद्द' लिहिलं, शिक्का मारला आणि पान उलटून दुसऱ्या पानावर प्रेमचं नाव लिहायला घेतलं.

"पहिलं पान आता कोणालाच देत नाही," ती खाली मान घालून म्हणाली. "डॉक्टर मॅडमनी सांगितलंय. पेढेबिढे बंद." पेन थांबलं. "त्या दिवशी मी स्टूलवरच होते हो ताई. बुक हातात होतं माझ्या. तेवढ्यात एक माणूस आला आणि..."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी विचारावं म्हणून थांबली होती.

प्रेमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, जरा गरम. मी त्याच्या कपाळाला हात लावला, बिल घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

"किती झाले?" एवढंच मी विचारलं.